स्टाफ सरळ धर बे : कॉलेजच्या मित्रासाठी वाढदिवसाची पोस्ट

प्रश्न : दादा, माझा कॉलेजचा जिवलग मित्र यंदा पोळ्याच्या आठवड्यात ४५ वर्षांचा होतोय. नागपूरला हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. तो अजून नागपुरातच आहे, सरकारी खात्यात इंजिनिअर. मी पुण्यात. गेल्या वर्षी मी फेसबुकवर लिहिलं होतं : "हॅपी बर्थडे स्टाफ्या! स्टाफ सरळ धर बे!! रसवंती, एम-थ्री, सांबार, लायब्ररीवाली... आठवते का? हाहाहा. पार्टी कधी?" हॉस्टेलचे चार जण हसले, बाकी कोणाला काही कळलं नाही, आणि वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. यंदा आमच्या आतल्या गमती ठेवूनच, पण सगळ्यांना हसू येईल असं काही लिहायचंय. कसं लिहू?

उत्तर : वहिनी का रागावल्या ते उघडच आहे, त्यांच्याकडे नंतर येऊ. आधी ते चार जण का हसले ते पाहा. ते तुमच्या पोस्टला हसलेच नाहीत. "रसवंती" हा शब्द दिसला आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापली दुपार सुरू झाली, तिला ते हसले. पोस्टीनं फक्त दारावरची बेल वाजवली. ज्यांच्या घरात ती दुपार नव्हती, त्यांच्याकडे बेल वाजली आणि दार उघडून पाहिलं तर बाहेर कोणी नाही.

वीसेक वर्षं मी लोकांना असले मजकूर लिहून देतोय. सुरुवात एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या टेबलावर झाली, तिथं रोज वाढदिवसाचे पाच-दहा मजकूर यायचे. नंतर सूत्रसंचालनात पडलो. साठीशांत, कॉलेजच्या पंचवीस वर्षांनंतरच्या भेटी, निरोप समारंभ असं सगळं करून झालं. त्यातून एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आलीय. मित्रांमध्ये वर्षानुवर्षं चाललेला जो परवलीचा शब्द असतो, तो त्या विनोदाचं चिपाड असतं. तुम्ही तो शब्द इतक्या वेळा चरकातून काढलेला असतो, की तुम्हाला नुसत्या वासानंच रस आठवतो. बाहेरच्या माणसाच्या हातात मात्र कोरडं चिपाड येतं. त्याला हसवायचं तर मूळ ऊस शोधावा लागतो, म्हणजे तो शब्द ज्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला तो दिवस.

म्हणून आधी तुमची ती पाच चिपाडं एकेक करून पाहू.

सांबार आधी बाजूला ठेवा. पुण्या-मुंबईकडच्या रूममेटला "सांबार आण" म्हणून बाजारात पाठवलं आणि तो कोथिंबिरीऐवजी हॉटेलातून पिशवीभर सांबार घेऊन आला, हा किस्सा मला आजवर निदान तीस लोकांनी "आमच्या खोलीत घडलेला" म्हणून सांगितला आहे. तीसही जणांचा खरा असेल, माझी हरकत नाही. पण तो अख्ख्या विदर्भाचा विनोद झाला, तुमच्या मित्राचा राहिला नाही. तर्री-पोहे, मे महिन्याचं ऊन, संत्री, सावजी हेही त्याच जातीचं. असं काही टाकलं की वाचणारा "हो, नागपूर!" म्हणून मान डोलावतो आणि पुढे सरकतो. तुमच्या मित्राच्या जागी दुसरा कोणताही नागपूरकर ठेवला तरी वाक्य तसंच चालत असेल, तर ते वाक्य वाढदिवसाचं नाही, पर्यटन खात्याचं आहे.

एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित. तुमचा प्रश्न आल्यावर आपण फोनवर बोललो, तेव्हा तुम्ही सांगितलंत की दोघांनीही त्यात तीनदा गटांगळ्या खाल्ल्या. चालण्यासारखं आहे, पण इंजिनिअरिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये ही गोष्ट असते. शिवाय मित्र आज साहेब आहे, हाताखालचे ज्युनिअर ती पोस्ट वाचणार. तुम्ही एकत्र बुडालात हे नीट नाही लिहिलं, तर "साहेब गणितात नापास" एवढंच त्यांच्या हाती लागेल.

लायब्ररीवाली. इथं मी एक साधी कसोटी वापरतो. पोस्ट वाचून दुसऱ्या दिवशी लोक मित्राला काय विचारतील? जो प्रश्न येईल त्याचं उत्तर द्यायला त्याला मजा आली पाहिजे. ऑफिसात शिपायानं चहा ठेवता ठेवता विचारलं, "साहेब, ते स्टाफ सरळ धर म्हणजे काय?" तर तो खुर्ची मागे सारून दहा मिनिटं सांगेल. "साहेब, ती लायब्ररीवाली कोण?" यावर त्याला फाईल उघडावी लागेल. आणि हाच प्रश्न घरी स्वयंपाकघरातून आला तर त्याच्याकडे फाईलही नाही. लायब्ररीवाली ही खरं तर काहीच भानगड नव्हती, फक्त दोन महिने त्यानं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घेतलं होतं, असं तुम्ही मला सांगितलंत. मी मानलं. पण पोस्टमध्ये तुम्ही फक्त शब्द टाकलात आणि पुढे तीन टिंबं. वहिनी टिंबांवर रागावल्या. अर्धवट सोडलेली गोष्ट वाचणारा स्वतः पूर्ण करतो, आणि बायको ती सगळ्यात वाईट प्रकारे पूर्ण करते.

उरले स्टाफ आणि रसवंती. ही दोन वेगळी चिपाडं नाहीत, एकाच उसाची आहेत, हे तुम्हाला फोनवर बोलता बोलताच लक्षात आलं.

तो फोन इथं थोडा सांगतो, कारण खरं काम तिथंच होतं, लिहिण्यात फार नसतं. मी तुम्हाला "काय झालं होतं?" असं विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस सारांश सांगतो : "अरे, त्याला उन्हात उभं ठेवून आम्ही रस प्यायला गेलो होतो." सारांशात विनोद नसतो. मी विचारलं, कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, किती वाजले होते. तेव्हा निघालं की मार्च २०००, दुसरं वर्ष, लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल. मैदानाच्या एका टोकाला तुम्ही डंपी लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून. दुसऱ्या टोकाला तो, लेव्हलिंग स्टाफ धरून. स्टाफ म्हणजे चार मीटर उंचीची आकडे कोरलेली मोजपट्टी, ती जरा कलली की रीडिंग चुकतं. म्हणून तुम्ही ओरडलात, "स्टाफ सरळ धर बे, मी हात वर करेपर्यंत हलू नको." रीडिंग घेतलं, वहीत लिहिलं, आणि हात वर न करता तिघंजण गेटबाहेरच्या रसवंतीवर. चाळीस मिनिटं.

इथपर्यंत गोष्ट बरी होती, पण क्रूर होती. एका गरीब पोट्ट्याला तिघांनी उन्हात ठेवलं, यात हसायचं कोणाला? म्हणून मी विचारलं, परत आल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला? तुम्ही म्हणालात, "काही नाही, रागावला वगैरे नाही." मी म्हटलं, काहीतरी बोललाच असेल. फोनवर थोडा वेळ शांतता. मग तुम्ही एकटेच हसायला लागलात आणि म्हणालात, "तो म्हणाला, रीडिंग बराबर आलं ना बे?"

पंचवीस वर्षं तुम्ही "स्टाफ सरळ धर"वर हसत होतात आणि खरं सोनं पुढच्या वाक्यात पडून होतं. या एका प्रश्नानं सगळं उलटं होतं. आता तो मूर्ख राहत नाही, तुम्ही तिघं लबाड ठरता. त्याचा स्वभाव कळतो, तुमचाही कळतो. कॉलेजच्या किश्शात नेहमी हे वाक्य शोधा : घटना संपल्यावर तुमचा मित्र पहिलं काय बोलला. घटना कोणाच्याही बाबतीत घडू शकते. ते वाक्य दुसरा कोणी बोलला नसता.

यानंतर तुम्ही मला जो मसुदा पाठवलात, त्यात उलटी चूक झाली. सुरुवात अशी होती : "मित्रांनो, सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये लेव्हलिंग नावाचं एक प्रॅक्टिकल असतं. यात दोन बिंदूंच्या उंचीतला फरक काढतात. त्यासाठी जे उपकरण वापरतात त्याला..." गेल्या वर्षी कोणाला काही कळलं नाही म्हणून यंदा सगळं समजावून सांगायला बसलात. आधी बेल होती, आता व्हायवा झाली. शिवाय फेसबुकवर पहिल्या काही ओळीच दिसतात, पुढचं "आणखी पहा"च्या आड जातं. त्या ओळींत तुम्ही उंचीतला फरक काढत बसलात, तर मित्राची मावशी पुढे कशाला वाचेल?

बाहेरच्या माणसाला हा विनोद कळायला फक्त तीन गोष्टी लागतात : एक उंच खांब सरळ धरून उभं राहायचं असतं, दुसरा लांबून दुर्बिणीतून पाहतो, आणि इशारा मिळेपर्यंत हलायचं नसतं. बस. डंपी लेव्हल हे नावसुद्धा लागत नाही. आणि या तिन्ही गोष्टी समजावून सांगायच्या नाहीत, करताना दाखवायच्या. पोट्टा खांब धरून उभा आहे असं दिसलं की खांब धरायचा असतो हे आपोआप कळतं.

आता मी जे लिहिलंय ते घ्या. शब्द तुमच्या तोंडात बसत नसतील तिथं बदला, पण ओळींचा क्रम बदलू नका.

> मार्च २०००. दुपारचे साडेबारा. कॉलेजच्या मैदानाच्या त्या टोकाला एक पोट्टा चार मीटरचा खांब धरून उभा आहे.
>
> या टोकाला मी, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. मी ओरडतो, "स्टाफ सरळ धर बे! मी हात वर करेपर्यंत हलू नको!"
>
> तो सरळ धरतो. मी आकडा वहीत लिहून घेतो. आणि हात वर करायच्या ऐवजी आम्ही तिघं गेटबाहेरच्या रसवंतीवर जाऊन बसतो.
>
> वीस मिनिटांनी परत आलो. हा तसाच उभा. स्टाफ सरळ. शर्ट ओलाचिंब. आता मार बसणार म्हणून आम्ही चार पावलं लांबच थांबलो. त्यानं एवढंच विचारलं, "रीडिंग बराबर आलं ना बे?"
>
> मार्क चौघांना सारखेच मिळाले.
>
> तो पोट्टा आज ४५ वर्षांचा झाला. खात्यात लोक त्याला साहेब म्हणतात. पण वहिनींकडून आतली बातमी आहे : बर्डीवर साडीच्या दुकानाबाहेर हातात पिशव्या देऊन "इथंच थांबा" म्हटलं, की त्या बाहेर येईपर्यंत साहेब तिथंच. पिशव्या सरळ.
>
> वहिनी, दुकानातून निघाल्या की हात वर करत जा. नाहीतर तो हलणार नाही.
>
> भाऊ, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुझी ॲसिडिटी, तुझ्या घराचे हप्ते आणि पहाटे साडेपाचला येणारे तुझे गुड मॉर्निंग : घेऊन जा गे मारबत!
>
> शुभेच्छुक : रसवंतीवरचे तिघे

आता काही जागांबद्दल.

"मार्क चौघांना सारखेच मिळाले" ही ओळ तुम्हाला कदाचित सपक वाटेल आणि काढावीशी वाटेल. काढू नका. त्याच्या प्रश्नावर लोक हसतात, आणि लगेच पुढचं हसू आणायला गेलात तर आधीचं मरतं. ही ओळ शांतपणे तुमच्या तिघांच्या लबाडीवर शिक्का मारते. त्याच्या श्रमावर तुम्ही मार्क घेतलेत, हे कबूल करून टाकलंत. तुमची खरी कृतज्ञता या ओळीत आहे, म्हणून पुढे "तुझ्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं" असं लिहायची गरज उरत नाही. खरं सांगतो, ते वाक्य मी छोट्या जाहिरातींत एवढ्या वेळा टाइप केलंय की मला त्यातलं "भाग्य" दिसतच नाही, फक्त शब्दाचा दर दिसतो.

पिशव्यांची गोष्ट तुमची नव्हती, ती वहिनींची आहे. मी तुम्हाला त्यांना फोन करायला सांगितलं तेव्हा तुम्ही बिचकलात, गेल्या वर्षीचं आठवून. पण त्यामुळेच करायचा होता. कॉलेजच्या विनोदात बायको कायम बाहेरची असते, कारण ती तेव्हा नव्हती. चाळिशीनंतरच्या या पोस्टी घरात खटकतात, त्याचं कारण बऱ्याचदा लायब्ररीवाली नसतेच. आपला नवरा आपल्या आधी एक अख्खं आयुष्य जगला आणि त्यात आपल्याला प्रवेश नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलेलं खुपतं. त्यावर उपाय एकच : त्याच स्वभावाचा आजचा पुरावा तिच्याकडून मागायचा. तुम्ही वहिनींना रसवंतीची गोष्ट सांगितली आणि त्या लगेच म्हणाल्या, "अहो, आजही तसेच आहेत, बर्डीवर..." झालं. त्या विनोदाच्या आत आल्या. आता पोस्टमध्ये सगळ्यात हसवणारी सूचना त्यांनाच आहे, आणि ऑफिसातल्या ज्यांनी साहेबांना पिशव्या घेऊन उभं पाहिलंय, त्यांनाही २००० सालची दुपार कळते.

पोस्ट टाकायच्या आधी हा मजकूर वहिनींना पाठवा. त्या एखादा शब्द बदलायला सांगतील, तो निमूट बदला.

तुमच्या बाबांच्या आजारपणात तो सलग तीन रात्री तुमच्याबरोबर जागला, हेही तुम्ही सांगितलंत, आणि "हे टाकू का शेवटी?" असं विचारलंत. नको. ती गोष्टही तोच माणूस आहे, मला पटतं; इशारा मिळेपर्यंत न हलणारा. पण हसत वाचणाऱ्याला एकदम दवाखान्यात नेऊन बसवलं की तो हसल्याबद्दल ओशाळतो, आणि मित्राला सगळ्यांसमोर त्यावर काहीतरी बोलावं लागतं. ते त्याला सकाळी फोन करून सांगा.

"बे" बद्दल तुम्ही विचारलंत. सासरे वाचणार आहेत म्हणून काढायचा का? मी तो ठेवला आहे, पण फक्त अवतरणात. कोणी वीस वर्षांचा पोट्टा मैदानावर ओरडला तर तो "बे"च म्हणणार, "स्टाफ सरळ धर रे मित्रा" नाही म्हणणार. तो "बे" त्या वर्षाचा आहे, आजच्या तुमचा नाही, म्हणून सासऱ्यांना तो खपतो. शुभेच्छा देताना तुम्ही "भाऊ"वर आलात. तसंच बाकी मजकूर सरळ मराठीत आणि माणसं बोलतात तेवढंच नागपुरी. काही लोक नागपुरी दाखवायची म्हणून प्रत्येक वाक्यात "करून राहिला, जाऊन राहिला, काय बाप्पा" असं कोंबतात. चार ओळींनंतर ते आपल्या माणसाचं बोलणं वाटत नाही, नकला वाटतात. आणि पुण्यात राहून केलेली नागपुरीची नक्कल नागपूरकराला लांबून ओळखू येते.

"स्टाफ्या" मी मुद्दाम गाळला. हॉस्टेलवर पडलेलं नाव हॉस्टेलच्या लोकांनीच घ्यावं. उद्या एखाद्या कंत्राटदारानं कॉरिडॉरमध्ये हळूच "स्टाफ्या साहेब आले" म्हटलं तर त्याची जबाबदारी तुमची.

मारबतीबद्दल थोडं. सांबाराला मी नाही म्हटलं आणि मारबत मात्र घेतली, हा तुम्हाला अन्याय वाटेल. मारबतही अख्ख्या नागपूरची आहे. पण ती चौकट आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडग्यांचे पुतळे असतात, आणि लोक त्यांच्यावर महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत जे नको ते सगळं टाकून "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात. चौकट सार्वजनिक असली तरी आत काय भरायचं ते खाजगी आहे. वाढदिवस त्याच आठवड्यात येतोय, म्हणून ती शोभते. जानेवारीत असता तर मी हात लावला नसता. तीनच वस्तू टाका. पहिली शरीराची, दुसरी पैशाची, तिसरी अशी की फक्त तुम्हा लोकांना ठाऊक आहे पण कोणालाही कळेल. पहाटे साडेपाचचं गुड मॉर्निंग तशी आहे : ग्रुपवरचे चाळीस लोक त्रासलेले आहेत आणि ज्याला असा एक तरी काका आहे त्या प्रत्येकाला ते कळतं. टक्कल, पोट, पगार यांना मारबतीकडे पाठवू नका. ॲसिडिटीवर माणूस स्वतःच बोलतो, टक्कलावर बोलत नाही; फरक एवढाच आहे.

"शुभेच्छुक" ही ओळ तर आपल्या लोकांनी फुकट दिलेली देणगी आहे. शहरातल्या प्रत्येक चौकातल्या फ्लेक्सवर ती असते, खाली बारा जणांचे चेहरे आणि "मित्र परिवार". अख्खी पोस्ट फ्लेक्सच्या भाषेत लिहायची, "युवा हृदयसम्राट, भावी आमदार" वगैरे, हा विनोद आता पार झिजला आहे. पण ती एकच ओळ सरळ चेहऱ्यानं वापरली तर ताकद अजून शाबूत आहे, कारण तिथं लोक नाव वाचायची अपेक्षा करतात आणि मिळतात ते आरोपी. यानंतर काहीही लिहू नका. पार्टी कधी, केक कुठे, दात दाखवणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग, काही नाही. तुम्ही स्वतः हसलात की वाचणाऱ्याचं हसायचं राहून जातं.

हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच मजकूर चिकटवू नका. त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांना खांब दाखवणं म्हणजे त्यांचा अपमान. तिथं दोन ओळी पुरतात, आणि तिथं तुम्हाला सिव्हिलवाल्यांचं खास मीठ टाकता येतं, कारण स्टाफचं रीडिंग तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात हे त्या सगळ्यांना माहीत आहे :

> स्टाफ्या, सरळ धर. आजचं रीडिंग ४५.०००. चार मीटरच्या स्टाफवर एवढं कसं आलं ते सरांना तूच सांग, आम्ही रस पिऊन येतो.

हे फेसबुकवर टाकलं असतंत तर पुन्हा गेल्या वर्षीसारखीच बेल वाजली असती.

फोटो एकच लावा. मैदानावरचा त्या दिवसाचा फोटो नाही म्हणालात, बरंच आहे. असता तर मजकुराचं काम त्यानं करून टाकलं असतं. हॉस्टेलच्या गच्चीवरचा चौघांचा जो आहे तो चालेल; त्यात तो सोडून तुम्ही तिघंच हसताय, ते आपोआप जुळतं. मागे दोरीवर जे वाळत घातलंय ते मात्र कापा.

रात्री बाराला टाकू नका. बाराला सगळे "हॅपी बर्थडे"वाले तुटून पडतात आणि सकाळपर्यंत तुमची पोस्ट त्या ढिगाखाली जाते. तो ऑफिसला निघायच्या आधी, साडेआठ-नऊला टाका, म्हणजे दिवसभर लोकांना त्याला प्रत्यक्ष विचारता येईल.

यानंतरचा धोका तुमच्या हातात नाही, तुमच्या मित्रांच्या हातात आहे. गेल्या वर्षी वहिनींचा दुसरा दिवस कॉमेंटमुळे बिघडला, हे तुम्ही फार उशिरा सांगितलंत : एकानं खाली लिहिलं होतं, "लायब्ररीवाली आता कुठे असते बे?" नेमकी पोस्ट लिहून खालचं मैदान मोकळं सोडलं की असंच होतं. म्हणून रसवंतीवरच्या इतर दोघांना आदल्या दिवशी फोन करा आणि त्यांची वाक्यं ठरवून द्या. एकानं लिहायचं, "हात वर करायची ड्युटी माझी नव्हती." दुसऱ्यानं थोड्या वेळानं, "मी त्याच्यासाठी अर्धा ग्लास ठेवला होता. माशी पडली." पहिल्या दोन-तीन कॉमेंटांत जी गोष्ट चालते, तीच पुढचे वीस जण चालवतात, रसवंती एकदा सुरू झाली की लायब्ररीकडे कोणी जात नाही. तरीही कोणी गेलाच तर त्याला तिथं उत्तर देऊ नका, कॉमेंट काढून टाका आणि त्याला वेगळा फोन करा.

एक राहिलं. चाळीस मिनिटांची मी वीस केली, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ती चूक नाही, तशीच राहू द्या. तुमचा मित्र बोलका नाही. असल्या पोस्टीखाली तो हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा होतो, हे तुम्हीच सांगितलंत. पण ज्या माणसानं घामानं निथळत असताना रीडिंग बरोबर आलं का विचारलं, तो चुकीचा आकडा डोळ्यांसमोर राहू देणार नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहा. तो खाली येऊन लिहील, "वीस नाही, चाळीस."